‘मराठीतच बोला ना’: तीस सेकंदांच्या एका जाहिरातीचं प्रकरण

मराठी शिकवणाऱ्या एका ॲपला ३० सेकंदांची जाहिरात हवी होती. ग्राहक ठरलेला होता: नोकरीसाठी पुण्यात आलेला, हिंजवडीच्या राजीव गांधी आयटी पार्कमध्ये काम करणारा आणि वाकड, ताथवडे, पुनावळे अशा भागांत सोसायटीत भाड्यानं राहणारा माणूस. त्याला मराठी शिकून परीक्षा द्यायची नाही, सरकारी नोकरी मिळवायची नाही. त्याला शेजाऱ्यांशी बोलायचंय. ॲपवाल्यांनी एक संहिता आधीच लिहून घेतली होती आणि ती ‘जरा सुधारून द्या’ एवढंच काम आमच्याकडे आलं होतं. त्या सुधारण्यातून जाहिरात जवळजवळ उलटी झाली. ती कशी, हे सविस्तर मांडतोय, कारण भाषा शिकवणाऱ्या बहुतेक जाहिराती ज्या जागी अडखळतात तीच जागा इथं स्पष्ट दिसली.

आलेली संहिता अशी होती.

निवेदक: नवं शहर, नवी माणसं, नवी स्वप्नं! पण भाषेची अडचण? आता चिंता सोडा! केवळ ३० दिवसांत अस्खलित मराठी बोला!
(नवी शेजारीण हातात मिठाईचा डबा घेऊन दार वाजवते.)
नवी शेजारीण: नमस्कार! मी आपल्या शेजारी राहायला आले आहे. माझे गाव लखनौ. आपण कशा आहात?
काकू: अरे वा! किती छान मराठी बोलता तुम्ही!
निवेदक: आजच डाउनलोड करा. मराठी शिका, शहर आपलंसं करा!

वाचायला यात खटकण्यासारखं फारसं नाही. म्हणूनच ती मंजूर होण्याच्या बेतात होती.

पहिली अडचण कुणाच्याही लक्षात यावी अशी आहे. ज्याला मराठी येत नाही त्याच्यासाठी केलेली जाहिरात पहिले दहा सेकंद निवेदकाच्या मराठीत बोलते. यूट्यूबवर पाच सेकंदांनंतर जाहिरात वगळता येते. त्या पाच सेकंदांत या माणसाला काहीच कळलेलं नसतं, आणि कळलं नाही म्हणून तो ती वगळतो. ॲपवाल्यांचा उपाय होता निवेदन हिंदीत करण्याचा. पण मग बंगळूरहून, विजयवाड्याहून, कोईमतूरहून आलेल्या माणसाला आपण काय सांगतोय? ‘मराठीपर्यंत जायचं तर आधी हिंदीतून या’ असं. वाकडच्या सोसायट्यांत असे लोक भरपूर आहेत. निवेदन कोणत्या भाषेत असावं, हा प्रश्नच चुकीचा होता. सुरुवातीला निवेदनच नको होतं. दोन माणसं लिफ्टपाशी बोलतायत, एकीला कळतंय, दुसरीला अर्धंच कळतंय, हे बघायला भाषा यावी लागत नाही.

दुसरी अडचण ‘३० दिवसांत अस्खलित’ या दाव्याची. जाहिरातींवर देखरेख ठेवणारी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, आणि जाहिरातीतला दावा पुराव्यानं सिद्ध करता आला पाहिजे हा तिच्या आचारसंहितेचा मूळ आधार आहे. त्यावर २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत म्हटलंय की दाव्याची भाषा आणि खुलाशाची भाषा एकच हवी. म्हणजे मराठीत मोठ्यानं दावा करायचा आणि तळाला इंग्रजीत बारीक अक्षरांत ‘निकाल व्यक्तीनुसार बदलू शकतात’ असं टाकायचं, ही पळवाट चालत नाही. ‘अस्खलित’ म्हणजे नेमकं काय आणि ते कुणी, कसं मोजलं, याचं उत्तर ॲपवाल्यांकडे नव्हतं. दावा काढला. त्याच्या जागी दुसरा दावा घातला नाही, कारण त्याची गरजच नव्हती हे पुढं दिसेल.

खरी अडचण तिसरी होती, आणि ती काकूंच्या वाक्यात लपलेली होती: ‘किती छान मराठी बोलता तुम्ही!’

कौतुकानं बोलणं थांबतं

हे वाक्य खऱ्या आयुष्यातही असंच येतं. नव्या माणसानं दोन शब्द मराठीत बोलले की समोरचा मनापासून कौतुक करतो आणि पुढच्याच श्वासात हिंदीत बोलू लागतो. त्यात तुसडेपणा नसतो, उलट पाहुण्याला त्रास नको ही भावना असते. पुण्यात, मुंबईत, नागपुरात आपण सगळेच हे करतो. रिक्षावाला करतो, भाजीवाला करतो, बँकेतला करतो. परिणाम असा की दोन-दोन वर्षं इथं राहिलेल्या माणसाकडे मराठीचं एकच वाक्य असतं, कारण दुसरं वाक्य बोलायची वेळच त्याच्यावर येत नाही.

ही जाहिरात ज्यांच्यासाठी होती त्यांतल्या काही जणांशी आम्ही सोसायटीच्या बागेत, लिफ्टपाशी, दुकानापाशी गप्पा मारल्या. ‘मराठी का शिकला नाहीत?’ असं विचारलं तर बहुतेकांनी ‘वेळ मिळत नाही’ म्हटलं. ‘शेवटचं मराठी कधी बोललात आणि पुढं काय झालं?’ असं विचारलं तेव्हा खरं उत्तर आलं. कुणी म्हणालं, मी विचारलं मराठीत, त्यांनी उत्तर दिलं हिंदीत. कुणी म्हणालं, उत्तर मराठीत आलं पण इतक्या वेगानं की मी नुसतीच हसले आणि मान डोलावली. दोन्हीकडे अडलं ते पहिल्या वाक्याशी नव्हे, त्यानंतर आलेल्या उत्तराशी.

आलेली संहिता, आणि खरं तर ॲपचे पहिले धडेसुद्धा, सगळं बळ पहिल्या वाक्यावर लावत होते: नमस्कार, माझं नाव अमुक, मी तमुक ठिकाणचा. पहिलं वाक्य कुणालाही पाठ करता येतं. जाहिरातीनं दाखवायला हवा होता तो त्यानंतरचा क्षण. काकू वेगानं बोलतायत, नव्या मुलीचा धागा सुटतो, काकू मदत म्हणून हिंदीत वळू पाहतात. इथं तिनं काय म्हणायचं? ते वाक्य मिळालं तर जाहिरात ॲपविषयी बोलत राहण्याऐवजी स्वतःच एक धडा होते. ज्यानं ॲप घेतलंच नाही तोही एक कामाचं वाक्य घेऊन जातो. ॲपवाल्यांच्या बैठकीत यावर पहिली शंका आली की मग तो ॲप का घेईल? त्याचं उत्तर सोपं आहे. त्यानं ते वाक्य लिफ्टमध्ये वापरलं की काकू खरंच मराठीत बोलत राहतील, आणि मग त्याला पुढची वाक्यं लागतील.

वाक्य शोधताना

आधी लिहिलं: ‘जरा हळू बोला. मी मराठी शिकतेय.’ चांगलं वाटलं. पण ते बाईचं वाक्य आहे. पुरुषाला ‘शिकतोय’ म्हणावं लागतं. बंगाली किंवा तमिळ बोलणाऱ्याला ‘मी’ म्हणताना क्रियापदाचं लिंग सांभाळायची सवय नसते. तो जाहिरातीत ऐकलेलं तसंच म्हणेल, ऐकणारा हसेल, आणि पुन्हा बोलायची त्याची हिंमत जाईल. हिंदीवाल्याला हा भेद माहीत असतो, पण ‘शिकतेय’चं ‘शिकतोय’ करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दोन चित्रफिती करायच्या तर खर्च दुप्पट. शेवटी वाक्य बदललं: ‘मला मराठी शिकायचंय.’ बोलणारा कुणीही असो, वाक्य तेच राहतं. ‘शिकायचीय’ म्हणणारेही आहेत आणि व्याकरणाच्या बाजूनं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण सोसायटीत जे कानावर पडतं ते ‘शिकायचंय’ असल्यामुळे आम्ही तेच ठेवलं. ‘जरा हळू बोला’ आणि ‘मराठीतच बोला ना’ या दोन्हींतही बोलणाऱ्याचं लिंग येत नाही. अशी तीन छोटी वाक्यं, बाईनं, पुरुषानं, आठवीतल्या मुलानं, कुणीही जशीच्या तशी उचलावीत.

‘हळू’मधल्या ‘ळ’वर बरीच चर्चा झाली. हिंदी पट्ट्यातून आलेल्याला तो उच्चार अवघड जातो, तो ‘हलू’ म्हणतो. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम, गुजराती आणि ओडिया बोलणाऱ्यांच्या तोंडात हा वर्ण मुळातच असतो, त्यांना काही अडचण नाही. कुणी ‘सावकाश बोला’ सुचवलं, त्यात ‘ळ’ नाही. पण लिफ्टमध्ये ‘सावकाश बोला’ कुणी म्हणत नाही. आम्ही ‘हलू बोला’ हा उच्चार काही काकू-आजींना ऐकवून बघितला. सगळ्यांना कळला, आणि एकीनं सांगितलं ते मला फार पटलं: उच्चार तसा आला की मला आपोआपच कळतं, हिच्याशी सावकाश बोलायला हवं. म्हणजे चुकलेला ‘ळ’ इथं उपयोगी पडतो. ‘हळू’ राहिलं. फक्त त्या क्षणी कॅमेरा मुलीच्या चेहऱ्याच्या जवळ ठेवायचं ठरलं, कारण रोमन लिपीत हा शब्द वाचून तो कसा म्हणायचा हे कळत नाही. ते ओठांकडे बघून आणि ऐकूनच कळतं.

मग सुरुवात. ‘नमस्कार, आपण कशा आहात?’ असं शेजारी म्हणत नाहीत. मराठी शेजार डोळ्यांसमोर दिसतंय तेच विचारून सुरू होतो. हातात पिशवी असली तर ‘भाजी आणलीत?’, पायात बूट असले तर ‘फिरून आलात?’, कुलूप लावताना दिसलं तर ‘निघालात?’. उत्तर विचारणाऱ्याला माहीत असतं. तो प्रश्न फक्त दार उघडतो. नव्या माणसासाठी ही अत्यंत सोयीची गोष्ट आहे, कारण समोर जे दिसतंय त्याचा एक शब्द आला की बोलणं सुरू करता येतं. ॲपच्या धड्यांमध्ये ही रीत कुठंच नव्हती. ‘तुमचं नाव काय?’ मात्र पहिल्याच पानावर होतं. वयानं मोठ्या शेजारणीला पहिल्या भेटीत नाव विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. ती काकू असते, आणि तिचं आडनाव दारावरच्या पाटीवर असतं.

संबोधनांचाही विचार करावा लागला. मुलगी काकूंना ‘तुम्ही’ म्हणणार, यात प्रश्न नाही. काकू मुलीला काय म्हणतील? पहिल्या भेटीत ‘तुम्ही’. पण ओळख झाली, मुलगी वयानं लहान आहे आणि बोलायला गोड आहे असं वाटलं की काकू ‘तू’वर आणि ‘अगं’वर येतात. यात कमीपणा नाही, आपलेपणा आहे. तीस सेकंदांत काहीतरी घडल्याचं दाखवायला याहून चांगली खूण मराठीत नाही. सुरुवातीला ‘तुम्ही बाराव्या मजल्यावरच्या ना?’ म्हणणाऱ्या काकू शेवटी ‘ये गं’ म्हणतात. मराठी येत नसलेल्या प्रेक्षकाला एवढा फरक कळणार नाही, तो त्यांच्या चेहऱ्यावरून समजेल. मराठी येणाऱ्याला मात्र तो लगेच कळतो, आणि जाहिरातीला तोही प्रेक्षक हवाच होता. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ही चित्रफीत पुढं पाठवणार आहेत ते मराठी शेजारीच.

चित्रित झालेली संहिता

(वाकडमधली सोसायटी, संध्याकाळ. लिफ्टची वाट पाहणाऱ्या दोघी. काकूंच्या पिशवीतून मेथी डोकावतेय.)
नवी: काकू, भाजी आणलीत?
काकू (भरभर): हो ना! मेथी काय स्वस्त झालीय आज, दहाला जुडी! तुम्ही बाराव्या मजल्यावरच्या ना? घरी कोण कोण असतं?
(नवीच्या चेहऱ्यावरचं हसू अडखळतं.)
नवी: काकू, जरा हळू बोला. मला मराठी शिकायचंय.
काकू: अच्छा! तो आप...
नवी: मराठीतच बोला ना.
(काकू थांबतात. एक जुडी बाहेर काढतात.)
काकू (सावकाश): मेथी. दहा रुपयांना. एक जुडी.
नवी: कुठं मिळाली?
काकू: कोपऱ्यावर. हातगाडीवर.
(बारावा मजला. दार उघडतं.)
नवी: येते काकू.
काकू: ये गं.
निवेदक: शेजाऱ्यांशी मराठीत बोलायला शिका.

बोललेले शब्द पन्नास. रमतगमत बोलताना मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, त्यामुळे ३० सेकंदांत साठ शब्द कोंबता येतात आणि बहुतेक संहिता तेवढे कोंबतातही. पण इथं काकूंच्या भरभर बोलण्यातले सतरा शब्द पाच सेकंदांतच उरकायचे होते. ते मुद्दाम वेगानं, खरोखरच्या वेगानं. राहिलेल्या तेहतीस शब्दांना सोळा-सतरा सेकंद पुरले, आणि आठेक सेकंद निव्वळ शांतता मिळाली. त्यातली दोन सेकंदं ‘मराठीतच बोला ना’ नंतर काकू थांबतात तिथं घातली. संकलकाला ती जागा मोकळी वाटत होती, त्यानं ती कापून आणली. परत जोडायला लावली. त्या दोन सेकंदांत काकू ठरवतात की बरं, मराठीत बोलू या. तो निर्णय दिसला नाही तर पुढचं ‘मेथी. दहा रुपयांना.’ हे एखाद्या वर्गातल्या बाईंसारखं वाटतं.

संवादांत प्रमाण ‘कुठे’ आलेलं नाही, नवीही ‘कुठं’ म्हणते. ॲपमधले आवाज प्रमाण मराठीतले, आकाशवाणीच्या बातम्यांसारखे आहेत. वाकडमधले मराठी शेजारी मात्र लातूर, सोलापूर, जळगाव, सांगली अशा ठिकाणांहून आलेले, तेही कधीकाळी इथं नवेच होते. काकूंसाठी निवडलेल्या बाई मराठवाड्यातल्या होत्या. दिग्दर्शकानं त्यांना ‘शुद्ध’ बोलायला सांगितलं तेव्हा संवाद लगेच निर्जीव झाला. त्यांना त्यांचा हेल परत दिला. नव्या मुलीच्या भूमिकेत तर मराठी अभिनेत्रीनं ‘बाहेरची’ मराठी बोलण्याचा प्रश्नच नव्हता. ती नक्कल ऐकताक्षणी कळते, आणि ज्या माणसाला बोलावायचं त्याचीच टिंगल होते. रांचीहून आलेली, खरोखर मराठी शिकत असलेली मुलगी घेतली. तिचा ‘ळ’ पुरता लागत नाही. तसाच ठेवलाय.

‘तो आप’वरून झालेला वाद

सगळ्यात मोठा वाद काकूंच्या दोन हिंदी शब्दांवर झाला. काळ आठवा. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून लावण्याचा सरकारी निर्णय आला, त्याला महाराष्ट्रभर विरोध झाला आणि जूनअखेर तो मागं घ्यावा लागला. मराठी बोलण्यावरून रस्त्यावर, दुकानांत झालेल्या भांडणांच्या चित्रफिती त्याच महिन्यांत फिरत होत्या. अशा वातावरणात मराठीच्या ॲपच्या जाहिरातीत मराठी काकूंच्या तोंडी हिंदी? ॲपवाल्यांपैकी एकाचं म्हणणं होतं की यावरून लोक गदारोळ करतील, ते दोन शब्द काढा. दुसऱ्या टोकाला एक सूचना अशीही आली की वातावरणाचा फायदा घ्या: नव्या माणसाला मराठी न आल्यानं अपमान होतोय असं दाखवा, भीतीनं लोक शिकतील.

दुसरी सूचना आम्ही तिथल्या तिथं बाजूला ठेवली. भीती वाटणारा माणूस चार वाक्यं पाठ करतो, ती फक्त सुटका करून घेण्यापुरती वापरतो आणि शेजाऱ्याला टाळायला लागतो. जाहिरातीचा विषय शेजाऱ्याशी बोलणं हा आहे. भीतीतून तो साधत नाही. शिवाय तशी जाहिरात मराठी माणसाला दमदाटी करणारा म्हणून रंगवते, आणि हे मला मराठी माणूस म्हणून मान्य नव्हतं.

पहिली हरकत मात्र गंभीर होती. पण ‘तो आप’ काढलं तर ‘मराठीतच बोला ना’ हे वाक्य कशाला उत्तर म्हणून येणार? अडथळाच नाहीसा होतो आणि उरतो दोन बायकांचा गोड संवाद. त्या दोन शब्दांत मराठी माणसाची सवय आहे, आणि ती सवय मोडण्याची विनंती मराठी माणसाला बाहेरून आलेली मुलगी करतेय. याहून मराठीच्या बाजूची जाहिरात मला सुचत नाही. शेवटी तडजोड झाली ती वाक्य अर्धवट तोडण्याची. काकू ‘तो आप’ म्हणतात न म्हणतात तोच मुलगी मध्ये बोलते. हिंदी ऐकू येते पण पूर्ण होत नाही.

जाहिरात दाखवून बघितली तेव्हा मराठी प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया याच जागेवर आल्या. ‘अरे, आपण असंच करतो’ हे बऱ्याच जणांनी आपणहून म्हटलं. संहितेत कुठंही मराठी शेजाऱ्याला उपदेश नाही, तरी त्याच्यापर्यंत ते पोचलं.

जाहिरात संपल्यावर काय उघडतं

इतकं करूनही पहिल्या आठवड्यात काम बिघडलं होतं. लोक जाहिरात शेवटपर्यंत पाहत होते, ॲप उतरवून घेत होते आणि पहिल्या धड्यावरून परत फिरत होते. कारण ॲप उघडल्यावर समोर येत होतं: अ, आ, इ, ई. लिफ्टमधल्या काकू बघून आलेला माणूस मुळाक्षरांच्या तक्त्यासमोर उभा राहत होता. कन्नड किंवा बंगाली माणसाला देवनागरीही नवी असली, तर त्याच्या पदरी आधी महिनाभर लिपीच. जाहिरात एक वचन देत होती आणि ॲप दुसरंच काही देत होतं. अशा वेळी आकडा फसवतो. किती जणांनी ॲप उतरवलं हा आकडा चढता दिसतो आणि सगळे खूश असतात. बघायला हवं ते हे की आलेल्यांपैकी किती जणांनी पहिलं संभाषण पूर्ण केलं आणि आठवड्याच्या आत दुसऱ्यासाठी परतले.

दुरुस्ती दोन भागांत केली. जाहिरातीवरून येणाऱ्यासाठी दुवा थेट ‘लिफ्ट’ नावाच्या धड्यावर उघडेल अशी सोय झाली. त्यात अक्षरं नाहीत, फक्त आवाज. काकूंचं तेच भरभर बोलणं आधी पूर्ण वेगानं, मग सावकाश, मग पुन्हा पूर्ण वेगानं. शिकणाऱ्यानं दोनच गोष्टी करायच्या: धागा सुटला की ‘जरा हळू बोला’ म्हणायचं, आणि सावकाश आलेल्या उत्तरातला एक तरी शब्द पकडून उलट विचारायचं. दुसरा धडा काकूंच्या राहिलेल्या प्रश्नांचा. नव्या माणसाला शेजारी जे विचारतात ते जवळजवळ ठरलेलं असतं: कितव्या मजल्यावर, गाव कुठलं, घरी कोण कोण असतं, कामाला कुठं, स्वयंपाकाला बाई ठेवलीय का. एवढ्यांची उत्तरं तयार असली की पहिले काही आठवडे निभावतात. लिपी नंतर, ज्याला हवी त्याला.

मुदतीचाही हिशोब इथं येतो. भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. पुढं तो वाढेल की घर बदलावं लागेल हे कुणालाच माहीत नसतं. अशा माणसाला ‘सहा महिन्यांत मराठी’ हे अर्ध्या मुक्कामाएवढं लांब वाटतं. पहिल्या आठवड्यात काकूंशी एकदा बोलणं झालं पाहिजे, नाहीतर लिफ्टमध्ये फोनकडे बघत उभं राहायची सवय लागते आणि ती सुटत नाही. म्हणून जाहिरात महिनाभर सारखी न चालवता महिन्याच्या सुरुवातीला, सामान हलवण्याच्या दिवसांत, जास्त दाखवायचं ठरलं.

ती लोकांपर्यंत पोचवतानाही दोन-तीन गोष्टी जपाव्या लागल्या. फोनची भाषा मराठी ठेवलेल्यांना वगळायचं, असा ॲपवाल्यांचा पहिला हुकूम होता. खर्चाच्या दृष्टीनं तो बरोबर, पण मराठी शेजारी हा दुसरा प्रेक्षक त्यानं पूर्णच तुटत होता. म्हणून पैसे देऊन दाखवायची ती नव्यांनाच, आणि सोसायटीच्या गटांसाठी चित्रफीत वेगळी, मोकळी द्यायची असं केलं. संवादाच्या पट्टीत वर देवनागरी आणि खाली पाहणाऱ्याची भाषा. हिंदी, इंग्रजी, कन्नड आणि तेलुगू अशा आवृत्त्या निघाल्या. ‘दहाला जुडी’चं भाषांतर मात्र कुठल्याही आवृत्तीत दिलेलं नाही. त्या क्षणी प्रेक्षकालाही कळू नये, हाच हेतू आहे. भाषांतर येतं ते काकू सावकाश बोलतात तेव्हा.

जाहिरातीच्या सहा सेकंदांच्या छोट्या आवृत्तीत काकूंचं ‘अच्छा! तो आप’, मुलीचं ‘मराठीतच बोला ना’ आणि काकूंचं थांबणं, एवढंच बसलं. लिफ्टमधल्या पडद्यांवर आवाज नसतो. तिथं चित्रफीत चालवून उपयोग नव्हता, कारण ऐकल्याशिवाय ‘हळू’ येत नाही. तिथं स्थिर चित्र ठेवलं: मेथीची जुडी आणि खाली ‘जरा हळू बोला. मला मराठी शिकायचंय.’ हे देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून उच्चार विचारून घ्यायला जागा आपोआपच मिळते.

ही जाहिरात जिथं कमी पडते ती जागाही सांगायला हवी. काही काकू-काका ‘मराठीतच बोला ना’ म्हटल्यावरही दोन वाक्यांनंतर हिंदीत जातात. सवय जुनी आहे. शिकणारा दर वेळी पुन्हा सांगू शकत नाही, त्याला संकोच वाटतो. त्यावर ॲपमध्ये एक उपाय करून बघणं चालू आहे: समोरचा हिंदीत गेला तरी आपण मराठीतच उत्तर द्यायचं, तोडकंमोडकं का होईना. ‘मेथी कहाँ से ली?’ला ‘कोपऱ्यावर, हातगाडीवर’. एकानं भाषा धरून ठेवली की दुसरा थोड्या वेळानं परत येतो, असं सरावाच्या गटात तरी दिसतंय. पण ते ३० सेकंदांत दाखवता येत नाही. त्याची वेगळी जाहिरात लागेल, आणि तिच्यात मुलीऐवजी दुकानात उभा असलेला पुरुष घ्यायचा विचार आहे, कारण पुरुषांचा शेजार लिफ्टपेक्षा कोपऱ्यावरच्या दुकानाशी जास्त जुळतो.